'पगार फोनवर सांगू' म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

"दादा, मी अमळनेरचा. तालुक्यातल्या पोरांसाठी व्हॉट्सऍपवर जॉबचा ग्रुप चालवतो, साडेसहाशे मेंबर झालेत. रोज 'पुण्यात नामांकित कंपनीत ५० मुले पाहिजेत, पगार १७,५०० ते २२,५००, राहण्याची सोय, त्वरित संपर्क' असलं काहीतरी येतं, ना कंपनीचं नाव ना गावाचं. विचारलं तर म्हणतात पगार फोनवर सांगू, नाहीतर म्हणतात फुकटात जॉब देतोय त्यातही तुमचे प्रश्न. कंपनी, पगार, ठिकाण, संपर्क टाकाच असा मेसेज लिहून पिन केला, कोणी वाचत नाही. जास्त कडक वागलो तर टाकणारेच निघून जातील. नियम लिहू कसा?"
— एक ऍडमिन, अमळनेर

भाऊ, तुझे चार शब्द बरोबर आहेत, ते बदलायची गरज नाही. पण तू ते लिहिलेत जणू समोर कंपनीचा एचआर बसलाय. तुझ्या ग्रुपवर टाकणारे कोण आहेत ते एकदा वर खाली करून बघ. दहातले आठ जण फॉरवर्डवाले निघतील, कोणाचा साडू चाकणला आहे, कोणाचा मित्र ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, त्याने स्टेटसला टाकलं की हा उचलून तुझ्याकडे टाकतो. त्याला पगार माहीतच नसतो रे, लपवत वगैरे काही नाही. अशा माणसाला तू म्हणतोस पगार टाकाच, तो म्हणतो जाऊ दे, मरू दे, मी कशाला डोकं लावू, आणि तिथेच तुझं भांडण सुरू होतं. म्हणून पिनचा मेसेज असा पाहिजे की त्याने तो कॉपी करून वरती, म्हणजे ज्याने त्याला पाठवलं त्याला पाठवायचा आणि आलेलं उत्तर इकडे चिकटवायचं. नियमाचा नियम झाला आणि त्याच्या हातात प्रश्नांची यादी पण आली.

दुसरी भानगड अशी की नुसतं 'पगार टाका' म्हटलं की लोक काहीतरी टाकून मोकळे होतात आणि ते काहीतरी बऱ्याचदा खरंच असतं, फक्त पोराच्या कामाचं नसतं. तूच लिहिलेली जाहिरात घे, १७,५०० ते २२,५००. मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या टाईम ऑफिसला काढलीत, मस्टर आणि पगारपत्रक हेच काम, त्यामुळे असा आकडा दिसला की तो कुठून आला असेल याचा अंदाज येतो. हा आकडा मला तरी असा दिसतो.

समज पोराचा महिन्याचा पगार कागदावर १५,००० आहे, आठ तास ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी. कंपनी त्याच्यावर वरून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० भरते, पीएफचाच किरकोळ खर्च १५० च्या आसपास, ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८. बेरीज झाली १७,४३८. हे झाले सीटीसी, म्हणजे कंपनीला तो माणूस कितीला पडतो ते, आणि जाहिरात लिहिणाऱ्याने सरळ १७,५०० लिहून टाकले. आता त्याच पोराच्या बाजूने बघ. १५,००० मधून त्याचा पीएफ १,८००, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे ११३, प्रोफेशनल टॅक्स २०० असे २,११३ जातात आणि बँकेत येतात १२,८८७. पोरगी असेल तर आपल्या महाराष्ट्रात २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तिला २०० जास्त. पीएफ त्याचाच पैसा आहे, बुडत नाही, पण पहिल्या महिन्याचं रूमभाडं पीएफमधून देता येत नाही ना. आणि 'राहण्याची सोय' लिहिलंय, फुकट लिहिलेलं नाही, हे बारीक बघ. रूम आणि मेसचे ३,००० जरी कापले तरी हातात दहा हजाराच्या आत आले. पोराने घरी काय सांगितलं असतं, साडेसतरा.

आणि तो वरचा २२,५०० कुठून आला? १५,००० ची दीडपट कर. आठ तासांचे बारा तास केले की बरोबर तेवढेच होतात, म्हणजे रोज चार तास जास्त, तेही साध्या दराने. कायद्याने कारखान्यात ओव्हरटाईम दुप्पट दराने द्यायचा असतो, त्या हिशोबाने बारा तासांचे ३०,००० व्हायला पाहिजेत. म्हणजे त्या एका ओळीतला खालचा आकडा सीटीसीचा आणि वरचा बारा तासांचा, आणि आठ तास काम करून हातात किती हे त्यात कुठेच नाही. प्रत्येक जाहिरात अशीच असते असं नाही, कुठे पीएफ कमी बेसिकवर कापतात, कुठे अटेंडन्स बोनस धरलेला असतो, पण खालच्या-वरच्या आकड्यात पाच हजाराचा फरक दिसला की तास विचारायचेच.

म्हणून पगाराच्या ओळीत तीन गोष्टी विचार, हातात किती, किती तासांचे, रूम-मेस-बसचे किती कापणार. कापणारच नसतील तर 'काही नाही' लिहायला काय जातं. आणि अप्रेंटिस किंवा ट्रेनी असेल तर तो शब्द तिथेच आला पाहिजे, कारण अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, त्याच्यात पीएफ नसतो आणि मुदत संपली की कंपनी ठेवेलच असं बंधन नसतं. आयटीआयवाल्या पोराला तो चालतो, त्याला सर्टिफिकेट पाहिजे असतं, पण घरची दोन पोरं सोडून निघालेल्या माणसाला ते आधी कळायला नको का.

रेंज चालेल का असं टाकणारे विचारतील. चालेल, पण १२ ते १४ हजार ही रेंज झाली, १२ ते २५ ही रेंज नाही. दोन-तीन हजाराच्या वर फरक असेल तर वरचा आकडा कोणाला मिळतो ते लिहा म्हणायचं, अनुभवी वेल्डरला की बारा तासवाल्याला.

आता कंपनी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात आणि त्यात कोणी फसवलेलं पण नसतं. टाकणारा एका मोठ्या कंपनीचं नाव लिहितो, ते खोटं नसतं, काम त्याच गेटच्या आत असतं. पण पोराचं नाव कंपनीच्या मस्टरवर नसतं, ठेकेदाराच्या असतं. पगार ठेकेदार देणार, पीएफ तो भरणार, काम संपलं की घरी पण तोच पाठवणार. त्यामुळे कंपनीच्या ओळीत दोन नावं माग, काम कुठे आणि नावावर कोण घेणार. ठेकेदारी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, आपल्याकडची निम्मी पोरं तिथूनच शिकून पुढे गेलीत. पण पुढे पीएफ काढायची वेळ आली किंवा एखाद्या महिन्याचा पगार अडकला की पोरगं कंपनीच्या गेटवर जाऊन उभं राहतं, वॉचमन म्हणतो आमच्याकडे तुझं नावच नाही, आणि ठेकेदाराच्या फर्मचं नाव याला माहीत नसतं. आधीपासून नाव माहीत असलं तर ऑफर लेटरवर तेच आहे का ते बघता येतं, जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या साईटवर टाकून फर्मचं नाव-पत्ता निघतो, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी खात्याच्या साईटवर नोंद दिसते. एवढं केलं म्हणजे फर्म चांगलीच आहे असं नाही, फक्त ती अस्तित्वात आहे एवढं कळतं.

'नामांकित कंपनी' हा शब्द मात्र सरळ बंद कर. नामांकित आहे तर नाव सांगायला लाजता कशाला.

ठिकाणाचं तर विचारूच नको. पुणे म्हणजे ठिकाण नाही, आपल्याकडून जाणाऱ्यासाठी तर अजिबात नाही. धुळ्याहून नाशिकमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसलास तर चाकण वाटेतच लागतं, पुण्याच्या आधी, तिथेच उतरायचं. जळगावहून संभाजीनगर-नगरमार्गे गेलास तर रांजणगाव वाटेत लागतं. आता ज्या पोराला नुसतं 'पुणे' सांगितलंय तो रांजणगाव सोडून पुढे पुणे स्टेशनला जाऊन उतरतो, मग फोन करतो, मग कळतं की पन्नासेक किलोमीटर परत मागे जायचंय, तेही सामान घेऊन आणि इंटरव्ह्यू दहाला. सुरतेचं पण तसंच, तुमच्या अमळनेरची, दोंडाईच्या-नंदुरबारची पोरं ताप्ती लाईनच्या गाडीने जातात, काम पांडेसऱ्याला किंवा सचिनला असेल तर उधन्याला उतरायचं, सुरत स्टेशनपर्यंत जायचं कामच नाही. म्हणून ठिकाणाच्या ओळीत एमआयडीसीचं किंवा गावाचं नाव आणि उतरायचं कुठे एवढं माग. इकडची नोकरी असेल तर अजून सोपं, जळगाव एमआयडीसी, धुळ्याची अवधान, नरडाणा, भालेर असं स्पष्ट लिहायचं, कारण जळगावला एमआयडीसीतलं काम आणि गावातल्या दुकानातलं काम यात रोजच्या रिक्षाचा फरक पडतो. आणि बायामाणसांसाठी जागा असेल तर शिफ्ट कुठली आणि रात्रीची बस आहे का हे पण इथेच, नाहीतर घरून पहिला प्रश्न तोच येतो आणि उत्तर नसतं म्हणून पोरगी जातच नाही.

संपर्काचं थोडक्यात सांगतो. नुसता नंबर नको, नाव आणि तो माणूस कोण ते पाहिजे, एचआर, ठेकेदाराचा सुपरवायझर, की फक्त ओळखीचा. ज्याचा नंबर आहे त्याला विचारून टाका. साडूचा नंबर न विचारता टाकला आणि त्याला ड्युटीवर दीडशे फोन आले तर तो परत कधी जॉब सांगणार नाही, तुझ्या ग्रुपचं खरं नुकसान ते आहे. आणि फोन कोणत्या तारखेपर्यंत करायचा ते याच ओळीत बसव. मला माहीत आहे तुला तारखेची पाचवी ओळ करायची इच्छा होईल, नंतर शिक्षण, वय, जागा किती असं करत करत बारा ओळींचा फॉर्म होईल आणि तो कोणी भरणार नाही. चारच ठेव. तारखेशिवाय जुनी जाहिरात चार महिने फिरत राहते एवढ्यासाठीच ती पाहिजे.

आता लिहायचं कसं. व्हॉट्सऍपवर पिन केलेल्या मेसेजची वर एक छोटी पट्टी दिसते, त्यात सुरुवातीचे थोडेच शब्द मावतात. तू सुरुवात केली असशील 'सर्व सदस्यांना नम्र विनंती आहे की' अशी, खरं सांग. मग पट्टीवर फक्त नम्र विनंती दिसते, पुढचं उघडून कोण वाचतो. चार शब्द पहिल्या ओळीतच आले पाहिजेत. माझ्या हिशोबाने मेसेज असा कर, शब्द तुझ्या पद्धतीने फिरव:

जॉब टाकताना कंपनी, पगार, ठिकाण, संपर्क पाहिजेच.
कंपनी: काम कुठे? नावावर कोण घेणार, कंपनी की ठेकेदार (फर्मचं नाव)?
पगार: हातात किती? किती तासांचे? रूम-मेसचे किती कापणार?
ठिकाण: एमआयडीसी किंवा गाव? उतरायचं कुठे?
संपर्क: नाव, तो कोण, नंबर (विचारून), कधीपर्यंत फोन करायचा?
माहीत नसेल तर या चार ओळी ज्याने तुम्हाला पाठवलं त्याला पाठवा, उत्तर आलं की टाका.
अर्धवट पोस्ट संध्याकाळी काढू, पूर्ण करून परत टाका, राग नको.
जॉइनिंगच्या आधी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ऍडमिनला कळवा.

बास. शेवटच्या ओळीवर थोडं बोलतो. रजिस्ट्रेशन, गेटपास, मेडिकल, युनिफॉर्म अशा नावाने पाचशे-हजार मागतात, रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात म्हणजे पोरगं म्हणतं चला जाऊ दे. पगारातून युनिफॉर्मचे कापणं वेगळं, तो वाद नंतर घालता येतो, पण कामावर जायच्या आधी फोनवरून क्यूआर कोड पाठवून पैसे मागणारा ग्रुपमध्ये ठेवायचाच नाही, त्याला चौकशी न करता काढ आणि त्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट कर, ऍडमिनला तो हक्क आहे. डिलीट करायच्या आधी नंबरसकट स्क्रीनशॉट काढून ठेव. कोणाचे पैसे गेलेच असतील तर त्याला लगेच १९३० ला फोन करायला सांग किंवा cybercrime.gov.in वर तक्रार, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

निघून जातील ही तुझी भीती. काही जातील, आणि जे 'फोनवर सांगू' वरच जगतात ते गेले तर जाऊ दे. बाकीच्यांसाठी पद्धत मवाळ ठेव. अर्धवट पोस्ट आली की ग्रुपवर भाषण नको, त्याच पोस्टला रिप्लाय करून फक्त जी ओळ नाही तेवढीच विचार, 'भाऊ, हातात किती आणि किती तास?' एवढंच. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर डिलीट, आणि त्याला पर्सनलला एक ओळ की माहिती आली की परत टाक. सगळ्यांसमोर टोकलं की माणूस चिडतो, आपल्याकडे तर मग त्याचा भाऊ, त्याचा मामा सगळे उतरतात. अजून एक जण ऍडमिन कर, तू शेतात किंवा ड्युटीवर असलास तर दिवसभर कोण बघणार.

एका ठिकाणी मात्र नियम थोडा वाकव. गावातले दुकानदार. जळगावच्या फुले मार्केटमधल्या कापड दुकानदाराला सेल्समन पाहिजे, तो पगार उघड टाकणार नाही, कारण त्याच्याकडे आधीच असलेली तीन पोरं तुझ्याच ग्रुपमध्ये आहेत आणि नव्याला जास्त दिसला की दुसऱ्या दिवशी तिघं गल्ल्यासमोर उभी. त्याची अडचण खरी आहे. त्याला सांग की आकडा मला पर्सनलला पाठव, पोस्टवर मी लिहितो 'पगार ऍडमिनला माहीत आहे, विचारा'. दुकान सगळ्यांना माहीत असतं, मालक समोर दिसतो, तिथे धोका कमी. बाहेरगावच्या जाहिरातीला ही सवलत नाही, तिथे पोरगं तिकीट काढून निघतं.

सरकारी भरतीच्या पोस्टला हा फॉर्म लावू नको, तिथे एकच मागणी, मूळ जाहिरातीची पीडीएफ किंवा खात्याच्या साईटची लिंक, नाहीतर पोस्ट नाही. युट्यूबवाल्याची लिंक चालणार नाही.

आणि पिनच्या भरवशावर राहू नको. व्हॉट्सऍपवर पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांचीच लागते, त्यानंतर आपोआप निघते, तुझी कदाचित आठवड्यातच निघाली असेल आणि तुला वाटतंय कोणी वाचत नाही. शिवाय पिन केल्यानंतर जो ग्रुपमध्ये आला त्याला सहसा तो जुना मेसेज दिसतच नाही. म्हणून हाच मजकूर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये पण टाक, तिथे तो कायम राहतो आणि नवीन माणसाला आल्याबरोबर दिसतो. दर महिन्याच्या एक तारखेला तो मेसेज नव्याने पाठवायचा आणि नवीनच पिन करायचा, ३० दिवसांवर. त्याच्या खाली त्या महिन्यातली एक नीट भरलेली पोस्ट टाकणाऱ्याला विचारून जोडून दे. लोक नियम वाचत नाहीत, दुसऱ्याची पोस्ट बघून तशीच टाकतात.